घड्याळ म्हणतं १७२, चेस्ट स्ट्रॅप म्हणतो १३८ : कंपनीला पाठवायच्या तक्रारपत्रासाठी मदत हवी

पहाटधाव

नमस्कार मंडळी. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावायची आहे, त्याची तयारी पुण्यात चालू आहे. आठवड्यातल्या बहुतेक धावा सावकाश, हार्ट रेट १४५ च्या आत ठेवून करायच्या असं प्रशिक्षकांनी सांगितलंय. मी मैत्रिणीशी सलग गप्पा मारत धावत असते, श्वास अजिबात फुललेला नसतो, आणि मनगटावरचं घड्याळ पहिल्याच किलोमीटरला १७० च्या वर जाऊन बसतं. म्हणून वेगळ्या कंपनीचा चेस्ट स्ट्रॅप घेतला. तो त्याच वेळी १३८-१४० दाखवतो. दहा-पंधरा मिनिटांनी घड्याळ एकदम खाली येतं आणि मग दोघांचं छान जुळतं.

आकडा नुसता चुकीचा दिसला असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण घड्याळ त्याच आकड्यावरून पुढचं सगळं ठरवतं. सावकाश धावेला 'तीव्र व्यायाम' म्हणतं, दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यायला सांगतं, माझा कमाल हार्ट रेट आपोआप वाढवून टाकतं आणि त्यावरून झोन बदलतं. ज्या कामासाठी एवढे पैसे मोजले, नेमकं तेच काम बिघडलंय.

ग्राहक सेवेला फोन केला. 'घड्याळ घट्ट बांधा, रीसेट करा' एवढंच सांगितलं. दोन्ही करून झालं. आता लेखी तक्रार करायची आहे. पत्र इंग्रजीत जाईल, इथे मराठीत मसुदा देते:

"महोदय, आपल्या घड्याळाचा हार्ट रेट अत्यंत चुकीचा आहे. माझ्या चेस्ट स्ट्रॅपपेक्षा तो ३० ते ३५ ने जास्त येतो. मी अनेक वेळा तपासले आहे. अलीकडच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर हा त्रास सुरू झाला आहे. आपल्यासारख्या नामांकित कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती. कृपया त्वरित लक्ष घालून पूर्ण रक्कम परत करावी."

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यात काय बदलू?

सुलभाताई

अगं, पत्र राहू दे बाजूला, आधी डॉक्टरांना दाखव. १७२ म्हणजे थोडे नव्हेत. आमच्या ह्यांचे ठोके असेच मध्येच वाढायचे. घड्याळ बिघडलंय म्हणून आम्ही सोडून दिलं, आणि नंतर ईसीजीत ठोके अनियमित निघाले. आता गोळ्या चालू आहेत.

पहाटधाव

ताई, काळजीबद्दल मनापासून आभार. तयारी सुरू करण्याआधी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट केली होती, ती व्यवस्थित आली. आणि हे जास्तीचे ठोके फक्त घड्याळात दिसतात, छातीवर नाहीत. काकांना बरं वाटू दे.

घाटातला_गडी

साताऱ्याहून. यवतेश्वरच्या घाटात मलाही हाच अनुभव, विशेषतः उताराला. कारण सरळ आहे: घड्याळाखालच्या दिव्याचा हिरवा प्रकाश आपल्या सावळ्या कातडीतून नीट आत जात नाही. ही घड्याळं गोऱ्या लोकांवर तपासून विकतात. पत्रात हेच ठासून लिहा. चेस्ट स्ट्रॅप कधी चुकत नाही, तो ईसीजीच असतो.

अनंत_कोथरूड

मी बरीच वर्षं वैद्यकीय उपकरणांच्या सेन्सरवर काम केलं, आता निवृत्त आहे. घाटातल्या दादांचं अर्धं बरोबर आहे. गडद त्वचेत हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो, सिग्नल क्षीण होतो, हे खरंच. पण ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या लोकांवर घड्याळं तपासली, तेव्हा वर्णानुसार ठळक फरक सापडला नव्हता. हालचालीत मात्र चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त निघाली. शिवाय ताईंच्या बाबतीत पंधरा मिनिटांनी घड्याळ जुळतं. कातडीचा रंग तर तेवढ्यात बदलत नाही. पत्रात हा मुद्दा घातला तर कंपनी त्यालाच उत्तर देईल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल.

माझा संशय वेगळा आहे. ताई, त्या पहिल्या पंधरा मिनिटांत तुमचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, किती होता?

पहाटधाव

ॲपमध्ये पाहिलं. १७० ते १७४.

अनंत_कोथरूड

मग घड्याळ तुमची पावलं मोजतंय, ठोके नाही.

थोडं सविस्तर सांगतो, कारण पत्राचा कणा हाच असणार. मनगटाखालचा दिवा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो आणि परत किती येतो ते मोजतो. ठोक्यासरशी रक्त वाढतं, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो. पण हा चढउतार अगदी बारीक असतो. धावताना प्रत्येक पावलाचा हादरा मनगटापर्यंत येतो, तिथलं रक्त आणि ऊती हलतात, घड्याळही किंचित सरकतं. त्यामुळे प्रकाशात दुसरा चढउतार तयार होतो आणि तो ठोक्याच्या चढउतारापेक्षा मोठाही असू शकतो. हालचाल मोजणारा सेन्सर घड्याळात असतोच. त्याच्या मदतीने पावलांचा भाग वजा करायचा आणि उरलेल्यातून ठोका शोधायचा, हे सॉफ्टवेअरचं काम. ते चुकलं की ते पावलांच्या लयीलाच ठोका समजून धरून बसतं. धावणाऱ्यांत याला 'केडन्स लॉक' म्हणतात.

सुरुवातीलाच का, तर तेव्हा अंग गरम झालेलं नसतं, मनगटाच्या त्वचेत रक्त कमी पोचतं आणि खरा सिग्नल सर्वांत दुबळा असतो. अंग तापलं, त्वचेत रक्त खेळू लागलं, की ठोक्याचा सिग्नल वर येतो आणि सॉफ्टवेअर त्याच्याकडे वळतं. तुमचा आकडा हळूहळू न उतरता एकदम खाली येतो तो यामुळेच. खरं हृदय धावता धावता १७२ वरून १४० ला असं क्षणात येत नाही.

उत्तरेकडचा

मी टोरांटोला असतो. इथे हिवाळ्यात घड्याळाचा हा त्रास अर्धा अर्धा तास चालतो, कारण थंडीने मनगटाच्या रक्तवाहिन्या आकसतात. घरातून निघण्याआधी दहा मिनिटं जागच्या जागी हालचाल करून अंग तापवलं आणि घड्याळ बाहीखाली ठेवलं, तर बराच फरक पडतो. पुण्यातल्या पहाटेच्या थंडीतही करून बघा.

तक्रारीबद्दल म्हणाल तर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात फिटबिटवर सामूहिक दावा झाला होता, व्यायामातला हार्ट रेट चुकतो म्हणूनच. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं बोलत नाही आहात.

निखिल_ठाणे

मी तीन वर्षं एका घड्याळ कंपनीच्या (ही नव्हे) ग्राहक सेवेत होतो. आतली गोष्ट सांगतो. 'माझ्या स्ट्रॅपशी जुळत नाही' अशी मेल आली की आमच्याकडे तयार उत्तर असायचं: दोन्ही उपकरणांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, फरक स्वाभाविक आहे, घट्ट बांधा, स्वच्छ ठेवा, रीसेट करा, आमचं उपकरण वैद्यकीय नाही. तक्रार बंद. ताईंच्या मसुद्याला हेच उत्तर येईल. 'अनेक वेळा', 'अत्यंत चुकीचा' असले शब्द असले की पुढे पाठवण्यासारखं आमच्या हातात काही नसायचं. ज्या तक्रारीला फाइल जोडलेली, वेळ लिहिलेली आणि प्रश्न नेमका विचारलेला, तीच तांत्रिक विभागाकडे जायची.

आणखी एक. ते विचारतील की 'तुमचा स्ट्रॅप बरोबर कशावरून?' आणि हा प्रश्न रास्त आहे.

अनंत_कोथरूड

निखिलशी पूर्ण सहमत. घाटातल्या दादांना म्हणूनच सांगायचं होतं, स्ट्रॅपही चुकतो. तो हृदयाचा विद्युत सिग्नल घेतो, पण त्याला ओलावा लागतो. कोरडा बांधून निघालात तर घाम येईपर्यंतची पहिली काही मिनिटं आकडे भरकटतात. कोरड्या हवेत सिंथेटिक टी-शर्ट फडफडून स्थिर वीज तयार झाली तरीही तसंच होतं. जुना स्ट्रॅप, घामाचं मीठ साचलेला, सेल उतरत आलेला, ही सगळी कारणं आहेतच. आणि ताईंच्या दुर्दैवाने तोही याच पहिल्या मिनिटांत चुकतो. कंपनी इथेच बोट ठेवेल.

पण दोघांच्या चुकीचं रूप वेगळं असतं. स्ट्रॅप चुकला की आलेख दातेरी होतो: १३०, २०५, ९०, पुन्हा १४०. केडन्स लॉक झाला की रेघ शांत, सपाट, विश्वास बसेल अशी असते आणि केडन्सच्या रेघेवर बसते.

पहाटधाव

माझ्या स्ट्रॅपची रेघ अगदी गुळगुळीत आहे. दोन्ही फाइली जोडून पाहिल्या. घड्याळाच्या फाइलमधल्या ओळी अशा आहेत. पण यात केडन्स ८६ कसा? ॲप तर १७२ दाखवतं.

```
timestamp,heart_rate,cadence
06:04:10,171,86
06:04:11,172,86
06:04:12,172,86
06:04:13,172,86
```

अनंत_कोथरूड

फाइलमध्ये एका पायाची पावलं नोंदतात. दुप्पट करा. ८६ दुणे १७२. तुमचा पुरावा याच चार ओळींत आहे.

तरीही हा योगायोग असू शकतो असं कोणी म्हणेल. ते म्हणायला जागाच राहू नये यासाठी एक चाचणी करा. सपाट रस्ता, एकच वेग. फोनवर मेट्रोनोम लावा. पहिली पाच मिनिटं मिनिटाला १६४ पावलं, पुढची पाच मिनिटं १७६. वेग तोच ठेवायचा, फक्त पावलं आखूड आणि जलद करायची. खरा हार्ट रेट यात दोन-चार ठोक्यांनी हलेल, बारा ठोक्यांनी नाही. घड्याळ मेट्रोनोमच्या मागे गेलं आणि स्ट्रॅप गेला नाही, तर वाद संपला.

काळजी तीन गोष्टींची घ्या. स्ट्रॅप आधी ओला करा आणि दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा. उभं असताना घड्याळ आणि स्ट्रॅप जुळतात हे नोंदीत आलं पाहिजे, म्हणजे स्ट्रॅपवरचा आक्षेप तिथेच मिटतो. दुसरं, घड्याळाच्या सेन्सर यादीतून स्ट्रॅप काढून टाका आणि त्याची नोंद फोनवरच्या ॲपमध्ये घ्या. स्ट्रॅप जोडलेला असला की घड्याळ सहसा मनगटाचा आकडा बाजूला ठेवून स्ट्रॅपचाच दाखवतं, मग तुलनेला काही उरत नाही. तिसरं, घड्याळात दर सेकंदाची नोंद चालू करा. आणि चाचणी सावकाश धावेतच करा. जोरात धावताना तुमचा खरा हार्ट रेटही १७० च्या आसपास जाईल, मग पाऊल कुठलं आणि ठोका कुठला हे सांगता येणार नाही.

घाटातला_गडी

स्ट्रॅप ओला करायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! आता उताराची तुलना नव्याने करतो. पण काका, उताराला माझं घड्याळ वर जातं ते का? तिथे तर श्रम कमी.

अनंत_कोथरूड

श्रम कमी म्हणून खरा ठोका खाली येतो, आणि हादरे मात्र मोठे होतात. दोन्ही गोष्टी घड्याळाच्या विरुद्ध जातात. ठोका आणि पाऊल यांत अंतर पडल्यामुळे चूक तुमच्या डोळ्यांनाही दिसते. चढावर चूक होत असली तरी कदाचित दिसणार नाही.

ॲड_गोदाकाठ

नाशिकला ग्राहक तक्रारींचं काम करते. तांत्रिक बाजू तुम्ही उत्तम लावताय, कायद्याची बाजू मी सांगते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या शब्दात विक्रेत्याने जो दावा केला आहे त्याला वस्तू न उतरणं हेही येतं. म्हणून पत्रात तुमच्या स्ट्रॅपपेक्षाही महत्त्वाचं आहे ते कंपनीचं स्वतःचं वाक्य. खोक्यावर, संकेतस्थळावर, जाहिरातीत 'धावताना अचूक हार्ट रेट' असं काही छापलं असेल तर त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढा. अशी पानं बदलतात.

'वैद्यकीय उपकरण नाही' या त्यांच्या उत्तराला घाबरू नका. तुम्ही निदानासाठी घेतलंच नाही, धावण्यासाठी घेतलं आणि त्यांनी धावण्यासाठीच विकलं. हे वाक्य पत्रात आधीच लिहून टाका.

घड्याळ ऑनलाइन घेतलं असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही प्रत पाठवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तिथे काही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

एक मर्यादाही सांगते. आयोगात गेलात तर तिथे केडन्स लॉक कुणाला माहीत नसणार. नुसत्या पाहणीने दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याची तरतूद आहे, त्यात वेळ जातो. म्हणून कंपनीकडेच मिटलं तर बरं, आणि तसं मिटण्यासाठीच पत्र भक्कम हवं.

पहाटधाव

चाचणी झाली. सपाट रस्ता, सात मिनिटांना किलोमीटर असा वेग. उभी असताना घड्याळ ७६, स्ट्रॅप ७५. धाव सुरू झाल्यावर दोन मिनिटांत घड्याळ वर चढलं. मेट्रोनोम १६४ असताना घड्याळ १६३ ते १६५, स्ट्रॅप १३६. मेट्रोनोम १७६ केला आणि मिनिटभरात घड्याळ १७६ वर, स्ट्रॅप १३९. त्यानंतर मेट्रोनोम बंद करून धावत राहिले, तेव्हा आणखी काही मिनिटांनी घड्याळ एका झटक्यात १४३ ला आलं आणि शेवटपर्यंत स्ट्रॅपबरोबर राहिलं. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधलेलं होतं. त्याचाही फोटो काढलाय.

खरं सांगते, तो आकडा मेट्रोनोमच्या मागोमाग चढताना पाहून राग आला. इतके दिवस मी त्या आकड्याला घाबरून चालत होते.

निखिल_ठाणे

जबरदस्त. आता एक सापळा सांगतो. ते पूर्ण धावेची सरासरी काढून उत्तर देतील.

पहाटधाव

म्हणजे कसं?

निखिल_ठाणे

समजा तासाभराची धाव. पहिली १२ मिनिटं घड्याळ १७२, स्ट्रॅप १३८. उरलेली ४८ मिनिटं दोघंही १५२. स्ट्रॅपची सरासरी येते १४९, घड्याळाची १५६. फरक जेमतेम सात ठोक्यांचा, पाच टक्क्यांच्या आत. कागदावर एकदम देखणं दिसतं. ते लिहिणार, 'आपल्या फाइलमधील सरासरी विचलन स्वीकारार्ह मर्यादेत आहे.' पण त्या बारा मिनिटांत चूक चौतीस ठोक्यांची, म्हणजे जवळपास पंचवीस टक्के. म्हणून पत्रात सरासरी हा शब्दच येऊ देऊ नका. कालखंड लिहा, अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत.

अनंत_कोथरूड

अगदी खरं. सरासरीत ही चूक लपते, आणि झोन ठरवताना मात्र तीच बारा मिनिटं मोजली जातात.

ताई, मसुद्यातलं अपडेटचं वाक्य मात्र तपासून घ्या. अपडेटच्या आधीच्या धावांमध्येही हार्ट रेट केडन्सच्या दुपटीवर बसलेला दिसतो का?

पहाटधाव

जुन्या फाइली चाळल्या. आधीही काही धावांत दिसतं, पण दोन-तीन मिनिटांपुरतं. अपडेटनंतर जास्त वेळ टिकतं असं वाटतं. पण तेव्हा उन्हाळा होता, आता पहाटे गारठा असतो.

अनंत_कोथरूड

मग ते आरोप म्हणून लिहू नका, प्रश्न म्हणून विचारा. गारठ्याचा वाटा किती आणि अपडेटचा किती, हे आपल्याला इथे बसून वेगळं करता येणार नाही. त्यांना येईल.

पहाटधाव

सगळ्यांचं ऐकून पत्र नव्याने लिहिलं. आज रात्री पाठवते, त्याआधी एकदा नजर टाका.

"विषय: धावताना मनगटावरील हार्ट रेटऐवजी पावलांची गती नोंदली जाणे, दोष दूर करण्याची किंवा रक्कम परत करण्याची मागणी.

महोदय,

मी आपले घड्याळ (मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि बिल सोबत) धावण्याच्या सरावासाठी घेतले. आपल्या संकेतस्थळावर ते धावताना अचूक हार्ट रेट देते असे नमूद आहे. त्याचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडला आहे. माझी तक्रार वैद्यकीय वापराबद्दल नाही, आपण सांगितलेल्या याच वापराबद्दल आहे.

सावकाश धावेच्या सुरुवातीला घड्याळ माझा हार्ट रेट न दाखवता माझ्या पावलांची गती दाखवते. हे पडताळण्यासाठी मी एकाच वेगाने धावत मेट्रोनोमच्या साहाय्याने पावलांची गती बदलली. ६:०६ ते ६:११ या वेळेत पावले मिनिटाला १६४ होती. घड्याळाने १६३ ते १६५ दाखवले, छातीवरील स्ट्रॅपने १३६. ६:११ ते ६:१६ या वेळेत पावले १७६ होती. घड्याळ मिनिटभरात १७६ वर गेले, स्ट्रॅपने १३९ दाखवले. धावण्यापूर्वी उभे असताना दोन्हींत एका ठोक्याचा फरक होता, आणि ६:२० नंतर शेवटपर्यंत दोन्ही जुळले. त्यामुळे स्ट्रॅप सदोष होता असे म्हणता येणार नाही. स्ट्रॅप घड्याळाशी जोडलेला नव्हता. घड्याळ आपल्या पुस्तिकेप्रमाणे बांधले होते, छायाचित्र जोडले आहे. दोन्ही मूळ फाइली जोडल्या आहेत.

कृपया पूर्ण धावेच्या सरासरीवरून उत्तर देऊ नये. तक्रार वर दिलेल्या दोन कालखंडांपुरती आहे. याच कालखंडांतील आकड्यांवरून आपले घड्याळ माझा कमाल हार्ट रेट, झोन आणि विश्रांतीची वेळ ठरवते, त्यामुळे पुढील प्रत्येक सल्ला चुकतो.

मला तीन गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे. जोडलेल्या फाइलीतील या कालखंडांत घड्याळाने पावलांची गती नोंदली, हे आपल्याला मान्य आहे का? हा दोष माझ्या घड्याळापुरता आहे की या मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि अलीकडच्या अपडेटचा याच्याशी संबंध आहे का? दोष दूर होणार असेल तर कधी, आणि नसेल तर रक्कम परत करण्याची प्रक्रिया काय?

तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक हेल्पलाइन आणि जिल्हा आयोगाकडे दाद मागेन."

ॲड_गोदाकाठ

उत्तम. फक्त 'फोनवरील तक्रार क्रमांक' विषयाखाली घाला, म्हणजे आधी कळवलं होतं हे सिद्ध होतं. आणि पीडीएफ करून मेल करा. चॅटमध्ये चिकटवलेलं नंतर सापडत नाही.

सुलभाताई

वाचलं गं. आधी मला काही कळलं नव्हतं, आता कळलं की चूक घड्याळाचीच आहे. पण एक विचारते, ह्यांच्या हातातलं घड्याळ पण मग खोटं सांगत असेल का? ते धावत नाहीत, सकाळी फिरायला जातात.

अनंत_कोथरूड

सुलभाताई, बसल्या जागी ते बरंचसं बरोबर असतं. चालतानाही पावलांचा घोळ होऊ शकतो, कारण चालण्याची पावलं मिनिटाला शंभर-एकशेवीसच्या घरात आणि ठोकेही तिथेच. पण त्यांचे ठोके अनियमित आहेत, तेव्हा घड्याळाच्या आकड्यावरून गोळी कमीजास्त करू नका. ते डॉक्टरांनाच विचारा.

पहाटधाव

कंपनीचं उत्तर आलं. पहिल्या दोन परिच्छेदांत तेच, घट्ट बांधा, स्वच्छ ठेवा. पण शेवटी लिहिलंय की तांत्रिक विभागाने फाइली पाहिल्या आणि 'सद्भावना म्हणून' घड्याळ बदलून देतील. माझ्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. घेऊ का बदलून?

निखिल_ठाणे

घ्या, पण आनंद मानू नका. बदली म्हणून बहुतेक वेळा दुरुस्त करून पॅक केलेलं घड्याळ येतं. तुमच्या घड्याळाचा सेन्सरच ढिला असेल तर फरक पडेल, सॉफ्टवेअरचा दोष असेल तर नवीनही तेच करेल.

उत्तरेकडचा

माझं मत वेगळं. दंडावर बांधायचा ऑप्टिकल बँड मिळतो, तो घ्या आणि घड्याळाला जोडा. तिथे स्नायू भरपूर, हादरा कमी. भांडणात जानेवारी निघून जाईल.

पहाटधाव

सराव मी आता स्ट्रॅपवरच करते, त्यामुळे जानेवारीची चिंता नाही. पण मी ज्याचे पैसे दिले ते मला हवं आहे. आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी स्ट्रॅपशिवाय धावतात. त्यांना कळतही नसेल की घड्याळ त्यांना विनाकारण थांबवतंय.

ॲड_गोदाकाठ

बदली घेताना लिहून द्या: 'मूळ तक्रार आणि तिच्यातील तीन प्रश्न कायम ठेवून स्वीकारत आहे.' नाहीतर बदली स्वीकारली म्हणजे तक्रार मिटली, असं ते दाखवतील.

पहाटधाव

तसंच लिहून देऊन बदली घेतली. नवीन घड्याळावर आज पहिली धाव झाली. मेट्रोनोम १६४ असताना साधारण चार मिनिटं लॉक, मग सुटलं. १७६ च्या वेळी स्ट्रॅपशी जुळत होतं. म्हणजे आधीपेक्षा बरं, की आज गारठा कमी होता म्हणून?

अनंत_कोथरूड

एका धावेवरून सांगता येणार नाही. जुनं परत द्यायला किती दिवस आहेत? असतील तर एका मनगटावर जुनं, दुसऱ्यावर नवीन आणि छातीवर स्ट्रॅप, अशी एकाच वेळी धाव घ्या. हवा, वेग, पावलं सगळं सारखं राहील. पुढच्या धावेत मनगटं अदलाबदल करा, कारण दोन हातांत फरक असू शकतो.

घाटातला_गडी

स्ट्रॅप ओला करून उतार पुन्हा धावलो. घड्याळ १६८, स्ट्रॅप १२९, केडन्स १६८. माझं मॉडेल वेगळं आहे, पण कंपनी ताईंचीच असावी असं वाटतंय. ताई, तुमच्या पत्राचा साचा वापरला तर चालेल का? फाइली जोडून मीही पाठवतो.

पहाटधाव

दादा, जरूर वापरा. फक्त तुमच्या धावेच्या वेळा आणि आकडे टाका, माझे ठेवू नका. काका, जुनं घड्याळ शुक्रवारी न्यायला येणार आहेत. उद्या आणि परवा दोन्ही मनगटांवर बांधून धावते आणि फाइली इथे टाकते.